पुण्याच्या पश्चिमेची वाहतूक कोंडी: कार्यकारण-चक्रांची आकृती टप्प्याटप्प्याने कशी काढावी

वाहतूक कोंडीवरच्या चर्चेत प्रत्येकाजवळ एक कारण असते. कोणी रस्ते अरुंद आहेत म्हणतो, कोणी गाड्या फार झाल्या म्हणतो, कोणी बस वेळेवर येत नाही म्हणतो. ही सर्व विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. अडचण अशी की ती सुटी सुटी मांडल्याने एका कारणाचा परिणाम फिरून त्याच कारणाला कसा येऊन मिळतो, हे दिसत नाही. हे फिरून येणे कागदावर दाखवण्यासाठी जी आकृती काढतात, तिला इंग्रजी नावानेच ‘कॉजल लूप डायग्राम’ म्हणण्याची पद्धत आहे. या लेखात तिला कार्यकारण-चक्राकृती म्हटले आहे. जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीमध्ये सुरू केलेल्या ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ या अभ्यासशाखेत ती रुळली. येथे उदाहरण म्हणून पुण्याचा पश्चिम भाग, म्हणजे वाकड, बाणेर, बालेवाडी आणि हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाकडे जाणारे रस्ते घेतले आहेत.

आधी प्रश्न आणि सीमा ठरवा

कोरा कागद घेऊन लगेच बाण काढायला बसू नये. प्रथम एक आलेख काढावा, ज्याच्या आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर एकच राशी असेल. आपल्या उदाहरणात ही राशी म्हणजे सकाळच्या गर्दीत शिवाजीनगरहून हिंजवडीला पोहोचण्यास लागणारा वेळ. आकडे अचूक नसले तरी चालते, पण वळण खरे असावे लागते: वेळ हळूहळू वाढत जातो, एखादा पूल किंवा रुंदीकरण पूर्ण झाले की काही काळ उतरतो आणि मग पुन्हा चढू लागतो. आपल्याला समजावून घ्यायचे आहे ते हे करवतीच्या दात्यांसारखे वळण. आकृती पूर्ण झाल्यावर तिच्यातून हे वळण निघत नसेल, तर ती कितीही देखणी असली तरी अपुरी आहे.

त्यानंतर सीमा ठरवावी. किती वर्षांचा काळ घ्यायचा, हे सीमेत सर्वांत महत्त्वाचे असते. एका आठवड्याचा विचार केला तर सिग्नलची वेळ, पावसाचे पाणी आणि बंद पडलेला ट्रक हीच कारणे दिसतील. पंधरा-वीस वर्षांचा विचार केला तर हीच कारणे गौण ठरतात आणि जमीन, घरे, बससेवा ही पुढे येतात. आपण दुसरी मुदत घेऊ. हिंजवडीतील नोकऱ्यांची संख्या कोंडीपेक्षा बाजारावर अधिक अवलंबून असते, म्हणून ती आकृतीच्या काठावर ठेवू आणि तिच्याकडून आत येणारा बाण दाखवू. तिच्याकडे परत जाणारा बाण मात्र काढणार नाही. कोंडीला कंटाळून कंपन्या दुसरीकडे जातात असे कोणी म्हणेल आणि ते अगदी चूक नाही, पण पहिल्या आकृतीत तेवढे विषयांतर नको.

राशींची नावे

आकृतीतील प्रत्येक शब्द कमी-जास्त होऊ शकणाऱ्या राशीचे नाव असावा. ‘वाहनांची वाढ’ असे लिहिल्यास ‘वाहनांच्या वाढीची घट’ म्हणजे काय, हा गोंधळ पुढे होतो. म्हणून ‘वाहनांची संख्या’ लिहावे. ‘बेशिस्त’, ‘नियोजनाचा अभाव’ असे शब्द सभेत टाळ्या मिळवतात, पण त्यांना कमी-जास्त म्हणता येत नाही आणि मोजताही येत नाही, म्हणून ते आकृतीत घेऊ नयेत. आपल्याला पहिल्या फेरीत सहा-सात राशी पुरतात: प्रवासवेळ (गर्दीच्या वेळेचा), खासगी वाहनांची वर्दळ, वाहनाने जाण्याची ओढ, रस्ता वाढवण्याचा दबाव, रस्त्याची क्षमता, रस्त्यालगतची घरे आणि बसचे प्रवासी. ‘ओढ’ थेट मोजता येत नाही हे खरे, पण ती कमी-जास्त होते आणि तिच्याविना माणसांचा निर्णय आकृतीत येत नाही, म्हणून तेवढी सवलत घ्यावी.

दोन राशींमध्ये बाण काढून त्याच्या टोकाशी चिन्ह द्यावे. पहिली राशी वाढल्यावर दुसरी, इतर सर्व गोष्टी तशाच राहिल्या असता, एरवी असती त्यापेक्षा जास्त होत असेल तर अधिक, आणि कमी होत असेल तर उणे. ‘एरवी असती त्यापेक्षा’ हे शब्द गाळू नयेत. रस्ता वाढवण्याचा दबाव वाढला की क्षमता वाढते, म्हणून तेथे अधिक चिन्ह येते, पण दबाव ओसरला म्हणून बांधलेला रस्ता अरुंद होत नाही. तो फक्त एरवी झाला असता तेवढा रुंद होत नाही. क्षमता ही साठत जाणारी राशी आहे आणि ती मुद्दाम पाडल्याशिवाय सहसा कमी होत नाही. पुणे विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल मेट्रोच्या कामासाठी २०२० मध्ये पाडला गेला, हा त्यातला विरळा अपवाद.

पहिले चक्र: रस्ता वाढवणे

सर्वांना माहीत असलेल्या उपायापासून सुरुवात करावी. प्रवासवेळ वाढला की रस्ता वाढवण्याचा दबाव वाढतो, दबाव वाढला की क्षमता वाढते आणि क्षमता वाढली की प्रवासवेळ घटतो. या चक्रात उणे चिन्ह एकच आहे. नियम असा की चक्रातील उणे चिन्हांची संख्या विषम असेल तर ते संतुलक चक्र, आणि शून्य किंवा सम असेल तर वर्धक चक्र. संतुलक चक्र बदलाला विरोध करून राशीला कुठल्यातरी पातळीकडे ओढते, तर वर्धक चक्र बदल ज्या दिशेने सुरू झाला त्याच दिशेने त्याला रेटत नेते. आपले पहिले चक्र संतुलक आहे. त्याला ‘सं१’ असे नाव देऊन चक्राच्या मधोमध लिहावे.

आता या चक्रात विलंब कोठे आहे तो शोधावा आणि त्या बाणावर दोन आडव्या रेघा माराव्यात. तो दबाव आणि क्षमता यांच्यामध्ये आहे. चांदणी चौकाच्या नव्या रचनेचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले, जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी पाडला गेला आणि उद्घाटन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. म्हणजे भूमिपूजनापासूनच सुमारे सहा वर्षे गेली, आणि मागणी, आराखडा, भूसंपादन यांत गेलेला काळ त्याच्याही आधीचा. ज्या गर्दीचा अंदाज धरून आराखडा केला, ती गर्दी पूल खुला होईपर्यंत तेवढीच राहत नाही. विलंबाची ही खूण न काढलेली आकृती पाहणाऱ्याला उपाय आहे त्यापेक्षा बराच सोपा वाटतो.

दुसरे चक्र, जेथे बहुतेकांचे चिन्ह चुकते

रस्ता रुंद झाल्यावर तो पुन्हा भरतो, हे पुणेकराला सांगावे लागत नाही. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९६२ मध्येच द्रुतगती मार्गांबद्दल हे मांडले होते. आकृती काढताना मात्र अनेक जण या भरण्याला वर्धक चक्र समजतात, कारण त्याचा परिणाम वाईट आहे आणि ‘दुष्टचक्र’ हा शब्द जिभेवर तयार असतो. बाण जोडून पाहावेत. प्रवासवेळ वाढला की वाहनाने जाण्याची ओढ कमी होते, तेथे उणे. ओढ वाढली की वर्दळ वाढते, तेथे अधिक. वर्दळ वाढली की प्रवासवेळ वाढतो, तेथेही अधिक. उणे चिन्ह एकच, म्हणून हे चक्र संतुलक आहे. त्याला ‘सं२’ म्हणू.

हा फरक व्यवहारात मोठा आहे. सं२ वर्दळ अमर्याद वाढवत नाही. लोक जेवढा त्रास सोसायला तयार आहेत, त्या पातळीला ते प्रवासवेळ आणून ठेवते. कोंडी फार झाली की काही जण सकाळी सातला निघतात, काही कंपनीच्या बसने जातात, काही आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतात. रस्ता मोकळा झाला की हेच लोक नऊच्या ठोक्याला आपापली गाडी काढतात. ही माणसे नवीन नसतात. ती आधीपासून तेथेच, वेळ बदलून किंवा साधन बदलून दडलेली असतात. म्हणून रुंदीकरणानंतरचे भरणे काही महिन्यांत दिसू लागते आणि सं२ मध्ये विलंबाची खूण जवळपास लागत नाही. सं१ संथ आणि सं२ जलद, या दोन संतुलक चक्रांच्या ओढाताणीतूनच सुरुवातीच्या आलेखातले करवतीचे दाते निघतात.

पण एक गोष्ट उरते. दात्यांची एकूण पातळी वर्षागणिक वर का सरकते, हे या दोन चक्रांतून निघत नाही. त्यासाठी वर्धक चक्रे लागतात.

वर्धक चक्र: रुंदी, चटईक्षेत्र आणि घरे

महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, जी डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक शहरांना लागू झाली, भूखंडावर एकूण किती चटईक्षेत्र, म्हणजे सर्व मजल्यांचे मिळून किती बांधकाम, वापरता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी जोडलेले आहे. मूळ निर्देशांकावर अधिमूल्य भरून आणि विकास हक्क विकत घेऊन जी भर घालता येते, ती रुंद रस्त्यालगत अधिक असते. तत्त्व म्हणून त्यात गैर काही नाही, कारण दाट वस्ती रुंद रस्त्यावर असावी हे रास्तच आहे. पण आकृतीत हा बाण काढला की चित्र बदलते: क्षमता वाढली की अनुज्ञेय बांधकाम वाढते, त्याने रस्त्यालगतची घरे वाढतात, घरांनी वर्दळ, वर्दळीने प्रवासवेळ, प्रवासवेळाने दबाव आणि दबावाने पुन्हा क्षमता. एकही उणे चिन्ह नाही. हे ‘व१’, पहिले वर्धक चक्र.

यातला विलंब मोठा असतो. परवानगी, बांधकाम, ताबा आणि लोक प्रत्यक्ष राहायला येणे यात चार-पाच वर्षे सहज जातात. म्हणून रस्ता खुला झाल्यावर पहिली घट दिसते, मग सं२ मुळे ती बरीचशी भरून निघते, आणि व१ चा परिणाम येऊन पोहोचेपर्यंत रस्त्याचे श्रेय-अपश्रेय घेणारे लोकप्रतिनिधीही बदललेले असतात. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीत, जसे हिंजवडी आणि माण येथे झाले, अंतर्गत रस्ते, पदपथ आणि बससेवा यांची जबाबदारी अनेक संस्थांत वाटलेली राहते. त्यामुळे घरे वाढतात त्या वेगाने पर्यायी रस्ते वाढत नाहीत आणि सर्व वर्दळ एक-दोन मुख्य मार्गांवर येते. आकृतीत ‘पर्यायी रस्त्यांची संख्या’ ही राशी काठावर घेऊन तिचा उणे बाण प्रवासवेळाकडे काढावा.

वर्धक चक्र: बस

सर्वांत अधिक वेळ या चक्राला द्यावा, कारण शहराच्या हातात सर्वांत जास्त असते ते येथेच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन परिवहन सेवा एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. तिची बस त्याच कोंडीत उभी असते, ज्या कोंडीतून लोकांना सोडवायचे असते. त्याचा परिणाम हिशेबाने पाहू. समजा एका मार्गावर दहा बस आहेत आणि जाऊन-येऊन एका फेरीला १२० मिनिटे लागतात. म्हणजे थांब्यावर दर १२ मिनिटांनी बस येते. कोंडी वाढून फेरीला १६० मिनिटे लागू लागली, तर त्याच दहा बस दर १६ मिनिटांनी येतील. एकही बस कमी झाली नाही, एकही चालक रजेवर गेला नाही, तरी सेवा पाव हिश्शाने घटली. पूर्वीचे १२ मिनिटांचे अंतर राखायचे तर १६० भागिले १२, म्हणजे तेराहून थोड्या अधिक, म्हणून चौदा बस लागतील. चार जादा बस, चार जादा चालक-वाहकांच्या पाळ्या, आणि प्रवाशाला पूर्वीपेक्षा काहीही जास्त मिळत नाही.

आता बाण जोडावेत:

```
प्रवासवेळ        → बसच्या फेरीचा वेळ    (+)
बसच्या फेरीचा वेळ → बसची वारंवारिता      (−)
बसची वारंवारिता   → बसचे प्रवासी         (+)
बसचे प्रवासी      → खासगी वाहनांची वर्दळ  (−)
वर्दळ            → प्रवासवेळ            (+)
```

दोन उणे चिन्हे, म्हणून हे वर्धक चक्र आहे, ‘व२’. यातला प्रवासी मोटार घेत नाही, दुचाकी घेतो, आणि ती घेतली की निर्णय जवळपास कायमचा होतो. गाडीचा हप्ता तर भरायचाच असतो, पेट्रोलचा खर्च तिकिटाच्या आसपास जातो, आणि दोन वर्षांनी बस सुधारली तरी गाडी दाराशी उभीच असते. म्हणून ‘घरातील वाहनांची संख्या’ ही साठत जाणारी राशी प्रवासी आणि वर्दळ यांच्यामध्ये घालावी. व२ एका दिशेने सहज फिरते आणि उलट फिरवायला जड जाते, याचे कारण ही साठवण आहे.

त्याला लागून पैशाचे चक्र आहे. प्रवासी घटले की तिकिटाचे उत्पन्न घटते, उत्पन्न घटले की बसची देखभाल आणि खरेदी मागे पडते, सेवा घटते आणि प्रवासी आणखी घटतात. हेही वर्धक आहे, ‘व३’. पुण्यात मात्र त्याला एक लगाम आहे: पीएमपीएमएलची संचलनातील तूट पुणे महापालिका ६० आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के या प्रमाणात भरून देतात. तूट वाढली की अनुदान वाढते, अनुदानाने सेवा तगते, सेवा तगल्याने प्रवासी टिकतात, त्यांनी उत्पन्न टिकते आणि उत्पन्नाने तूट आटोक्यात राहते. उत्पन्न आणि तूट यांच्यातला बाण तेवढा उणे, म्हणून हे संतुलक चक्र, ‘सं३’. अनुदानाला नुकसानभरपाई म्हणून हिणवणाऱ्यांनी ही आकृती एकदा पाहावी, कारण सं३ तोडले तर व३ ला अडवणारे काहीच उरत नाही.

आकृती तपासणे

सगळी चक्रे एका कागदावर उतरवताना ‘प्रवासवेळ’ मध्यभागी ठेवावा, कारण पैशाची दोन चक्रे सोडली तर बाकी सर्व त्याच्यातून जातात. बाण शक्यतो वक्र काढावेत आणि एकमेकांना छेदू देऊ नयेत. संगणकावर काढायचे असेल तर व्हेन्सिम या प्रणालीची शैक्षणिक वापरासाठीची मोफत आवृत्ती पुरते, पण पहिल्या तीन-चार आवृत्त्या पेन्सिलीनेच काढलेल्या बऱ्या, कारण पडद्यावर नीटनेटकी दिसणारी आकृती पुसायला हात धजत नाही.

मग प्रत्येक चक्र मोठ्याने गोष्टीसारखे सांगून पाहावे. सांगताना मध्येच ‘आणि मग साहजिकच’ असे म्हणावे लागले, तर तेथे एखादी राशी गाळली गेली आहे असे समजावे. ‘रस्ता झाला आणि मग साहजिकच घरे आली’ या वाक्यात चटईक्षेत्राचा बाण गाळला गेला होता, आणि धोरणाने हात घालता येईल अशी जागा नेमकी तीच होती. चिन्हे मोजून ठरवलेला चक्राचा प्रकार आणि गोष्टीत दिसणारे वागणे जुळत नसेल, तर बहुधा एखादे चिन्ह चुकलेले असते. तिसरी तपासणी आकड्यांची: बसचा फेरीचा वेळ आणि मार्गावरच्या बस परिवहन संस्थेकडे असतात, वाहन नोंदणी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे असते, बांधकाम परवानग्या महापालिका आणि पीएमआरडीए या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे असतात. ज्या बाणाच्या दोन्ही टोकांसाठी काहीच पुरावा मिळत नाही, तो तुटक रेघेने काढावा.

आकृतीतून उपाय वाचणे

प्रत्येक प्रस्तावित उपायासाठी एकच प्रश्न विचारावा: हा कोणत्या बाणावर काम करतो आणि त्यानंतर सं२ काय करील? उड्डाणपूल क्षमतेवर काम करतो, म्हणून सं२ आणि व१ दोन्ही त्याच्या मागे लागतात. बससाठी राखीव मार्गिका प्रवासवेळ आणि बसच्या फेरीचा वेळ यांच्यातला बाण तोडते, म्हणजे व२ मुळातच तुटते. पुण्यात बीआरटी या जलद बससेवेची पहिली मार्गिका २००६च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर आली. अशा मार्गिकेत जागोजागी खंड पडले किंवा इतर वाहने शिरली की तुटलेला बाण पुन्हा जुळतो आणि व२ पूर्ववत फिरू लागते. मार्गिकेची लांबी किती यापेक्षा ती किती ठिकाणी तुटते, हे म्हणून आधी मोजावे. पार्किंगचे शुल्क ‘ओढ’ या राशीवर थेट काम करते, त्यामुळे सं२ ला त्याची भरपाई करायला वाव कमी मिळतो. सिंगापूरने १९७५ मध्ये आणि लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यभागी जाण्यासाठी आकार लावला, तोही याच राशीवर बेतलेला होता.

हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोमुळे रस्ता मोकळा होईल का, याचे उत्तर आकृती फारसे उत्साहवर्धक देत नाही. मेट्रोने जेवढी वाहने रस्त्यावरून उचलली, तेवढी जागा सं२ मोठ्या प्रमाणात पुन्हा भरून काढील. पण मेट्रोचा प्रवासवेळ कोंडीशी बांधलेला नाही, आणि ज्यांना दोन्ही पर्याय खुले आहेत ते मेट्रोच्या दारापासून दारापर्यंतच्या वेळेशी तुलना करूनच गाडी काढतात. त्यामुळे रस्त्यावरचा प्रवासवेळ एका मर्यादेपलीकडे बिघडण्याआधीच लोक मेट्रोकडे वळतील. म्हणून मेट्रोचे यश रस्त्यावरच्या गाड्या मोजून ठरवू नये. त्या वाटेने गर्दीच्या तासात एकूण किती माणसे पोहोचतात, ते मोजावे. स्थानकापर्यंत जाणारी जोडबस आणि चालता येण्याजोगा पदपथ नसेल तर दारापासून दारापर्यंतचा वेळ फुगतो आणि ही मर्यादाही तेवढीच वर सरकते.

आकृती जे सांगू शकत नाही

चिन्हे दिशा सांगतात, किती ते सांगत नाहीत. वर्दळ आणि प्रवासवेळ यांच्यातल्या एका अधिक चिन्हाआड फार वाकडे नाते दडलेले असते. वाहतूक नियोजनात पूर्वापार वापरले जाणारे एक सूत्र असे आहे:

```
t = t0 × (1 + 0.15 × (v/c)^4)
```

येथे t0 म्हणजे मोकळ्या रस्त्यावरचा वेळ, v वर्दळ आणि c क्षमता. मोकळा वेळ ३० मिनिटे धरला, तर क्षमतेच्या ८० टक्के वर्दळीला सुमारे ३२ मिनिटे लागतात, पूर्ण क्षमतेला साडेचौतीस, १२० टक्क्यांना ३९ आणि १४० टक्क्यांना ४७. सारख्याच वाढीला प्रत्येक वेळी अधिक किंमत पडते. सूत्रातले गुणांक अमेरिकी रस्त्यांचे आहेत. दुचाकी, रिक्षा आणि बस एकाच मार्गिकेत चालणाऱ्या आपल्या रस्त्यांसाठी ते स्थानिक मोजणीवरून बसवून घ्यावे लागतात.

कोणते चक्र केव्हा वरचढ ठरते, हेही आकृती सांगत नाही. त्यासाठी साठणाऱ्या राशी आणि त्यांचे प्रवाह वेगळे करून आकड्यांचे प्रतिमान बांधावे लागते. ते सगळ्या चक्रांसाठी एकदम बांधू नये. आपल्या उदाहरणात व२ पासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण फेरीचा वेळ, बसची संख्या आणि प्रवासी हे तिन्ही आकडे परिवहन संस्थेच्या रोजच्या नोंदीत असतात आणि मार्गिका राखीव केल्यास दोन बसमधले अंतर किती मिनिटांनी कमी होईल, हे साध्या तक्त्यावरही काढता येते.